दिलेल्या वाक्यात विरामचिन्हे घालणे : प्रश्नचिन्ह व अवतरणचिन्ह यांच्या जागांविषयी काही विचार

प्राथमिक शाळेच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत “पुढील वाक्यांत योग्य विरामचिन्हे घाला” हा प्रश्न बहुधा असतोच. विद्यार्थ्यांस चिन्हांची नावे व आकृती पाठ असतात. पूर्णविराम कोणता, स्वल्पविराम कोणता, असे विचारले असता वर्गातील बहुतेक हात वर होतात. परंतु चिन्हे काढून टाकलेले एखादे वाक्य त्याच मुलांपुढे ठेवले, म्हणजे त्यांची गती कुंठित होते. याचे कारण चिन्हांच्या अज्ञानात नसून अन्यत्र आहे. ते कारण कोणते, आणि ते दूर करण्यासाठी शिक्षकाने व प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने काय करावे, याचा येथे विचार करावयाचा आहे. सर्व चिन्हांचा परामर्श न घेता ज्यांच्या बाबतीत सर्वाधिक घोटाळा होतो, ती प्रश्नचिन्ह व अवतरणचिन्ह ही दोनच चिन्हे आणि त्यांच्या सोबतीने येणारे विराम एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित ठेवला आहे. अवतरणचिन्हासच काही ठिकाणी उद्धरणचिन्ह असेही म्हणतात.

एका वाक्याची तीन उत्तरे

समजा, प्रश्नपत्रिकेत पुढील वाक्य दिले आहे :

आईने विचारले तू शाळेतून इतक्या उशिरा का आलास

या वाक्याची सामान्यतः तीन प्रकारची उत्तरे येतात.

(अ) आईने विचारले तू शाळेतून इतक्या उशिरा का? आलास.

(आ) आईने विचारले तू शाळेतून इतक्या उशिरा का आलास?

(इ) आईने विचारले, “तू शाळेतून इतक्या उशिरा का आलास?”

यांपैकी तिसरे उत्तर बरोबर आहे व पहिली दोन चूक आहेत, एवढे म्हणून आपण पुढे गेलो, तर मुलाचे काहीच हित होत नाही. पहिल्या दोन उत्तरांतील चुका एकाच जातीच्या नाहीत. (अ) लिहिणाऱ्या मुलाने ‘का’ हा शब्द पाहिला आणि त्याच्यापुढेच प्रश्नचिन्ह ठेवले. त्याच्या मते प्रश्नचिन्ह ही प्रश्नार्थक शब्दाची खूण आहे. (आ) लिहिणाऱ्या मुलाला प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी येते हे कळले आहे. मात्र या ओळीत दोन माणसे आहेत, एक बोलणारी आई आणि दुसरा तिचे बोलणे आपणांस सांगणारा लेखक, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आलेली नाही. पहिल्या मुलास वाक्य म्हणजे काय हे शिकवावयाचे आहे, तर दुसऱ्यास बोलणे कोणाचे हे शिकवावयाचे आहे. दोघांच्या वहीवर एकच तांबडी फुली मारल्याने हा भेद नाहीसा होतो.

चिन्हावाचूनही चालणारी भाषा

ही चूक आपल्या मुलांकडून इतक्या सहजपणे का होते, याचा उलगडा मराठी भाषेच्या घडणीत सापडतो. मोडीतील जुनी पत्रे पाहिली, तर आधी आखलेल्या ओळीखाली अक्षरे अखंड चाललेली दिसतात. शब्द तोडलेले नसतात आणि विरामचिन्हे तर नसतातच. पोथ्यांमध्ये ओवीच्या वा श्लोकाच्या अखेरीस उभे दंड येत, परंतु गद्याला तशी सोय नव्हती. आज आपण वापरतो ती चिन्हे इंग्रजी अमदानीत छापील पुस्तकांबरोबर मराठीत आली. त्यांचा परिचय करून देण्याचे श्रेय मुख्यत्वे मेजर थॉमस कँडी यांस दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या 1831 च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामी त्यांनी साहाय्य केले होते. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचे छोटे पुस्तक 1850 साली प्रसिद्ध झाले.

मग त्यापूर्वी वाचणाऱ्याला प्रश्न कोठे आहे व बोलणे कोठे संपले हे कसे कळत असे? ते शब्दांवरून कळत असे. प्रश्न असेल तर वाक्यात ‘का’, ‘काय’, ‘कोण’, ‘कोठे’, ‘केव्हा’ असा शब्द असे. दुसऱ्याचे बोलणे संपले, की ‘असे’, ‘म्हणून’, ‘म्हणोन’ यांसारखा शब्द येत असे. आजही आपण “मी उद्या येतो असे तो म्हणाला” या वाक्यात ‘असे’ या शब्दाने बोलण्याची सीमा दाखवितो. म्हणजे मराठीत या कामासाठी शब्द आधीपासून होते आणि चिन्हे मागाहून आली. मूल बोलताना शब्दांवरच अवलंबून असते. म्हणून ‘का’ हा शब्द दिसताच आपले काम झाले, असे त्यास वाटते. शब्द प्रश्न दाखवितो, परंतु तो प्रश्न कोणाचा आहे व कोठे संपतो हे चिन्ह दाखविते. हा फरक मुलास पटवून देणे, हाच या घटकाच्या अध्यापनातील मुख्य भाग होय.

प्रश्नार्थक शब्द आहे, पण प्रश्न नाही

हा फरक पटविण्यासाठी फळ्यावर पुढील पाच वाक्ये चिन्हांशिवाय लिहावीत.

1. तू काल शाळेत का आला नाहीस
2. तो काल शाळेत का आला नाही ते मला ठाऊक नाही
3. काय सुंदर चांदणे पडले आहे
4. वर्ध्याची गाडी सुटली
5. तू चहा घेणार की दूध

पहिल्या वाक्यात बोलणारा खरोखर विचारीत आहे आणि उत्तराची अपेक्षा करीत आहे. येथे प्रश्नचिन्ह येईल. दुसऱ्या वाक्यात तोच ‘का’ आहे, परंतु मुख्य विधान ‘मला ठाऊक नाही’ हे आहे. बोलणारा विचारीत नसून सांगत आहे. म्हणून येथे पूर्णविराम येईल. तिसऱ्यात ‘काय’ आहे, पण ते आश्चर्य दाखविते आणि त्यास उत्तर नाही. म्हणून येथे उद्गारचिन्ह येईल.

चौथे वाक्य शिक्षकाने दोन प्रकारे वाचून दाखवावे. सरळ स्वरात वाचले तर ती बातमी आहे आणि शेवटी पूर्णविराम. शेवटचा शब्द चढ्या स्वरात उच्चारला तर तो प्रश्न आहे आणि शेवटी प्रश्नचिन्ह. येथे एकही प्रश्नार्थक शब्द नाही, तरीही प्रश्न होऊ शकतो. पाचव्या वाक्यातील ‘की’ हा ‘किंवा’ या अर्थाचा आहे. दोहोंपैकी एकाची निवड विचारली असल्याने येथे प्रश्नचिन्ह येईल.

या पाच वाक्यांवरून मुलांस एकच कसोटी द्यावी : “हे वाक्य ऐकणाऱ्याने उत्तर द्यावयाचे आहे काय?” उत्तर द्यावयाचे असेल तर प्रश्नचिन्ह, एरवी नाही. आपल्या भागातील मुले घरी ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणतात. “तू काहून नाही आला?” हे वाक्य घेऊनही ही कसोटी लावून पाहावी. मुलाच्या तोंडचा शब्द घेतल्याने, चिन्ह हे पुस्तकी शब्दाला चिकटलेले नसून विचारण्याच्या क्रियेला लागलेले आहे, हे त्यास अधिक लवकर समजते.

प्रश्न कोणाचा?

आता अवतरणचिन्हाकडे वळू. बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे दिले असता ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवतात, आणि एखाद्या शब्दावर जोर द्यावयाचा किंवा तो वेगळा दाखवावयाचा असता एकेरी चिन्ह वापरतात, हे पाठ्यपुस्तकांतून येतेच. अडचण येते ती जागेची. मराठीत बोलणाऱ्याचा उल्लेख तीन ठिकाणी येऊ शकतो.

आधी : आईने विचारले, “तू जेवलास का?”

नंतर : “तू जेवलास का?” असे आईने विचारले.

मध्ये : “बाळ,” आईने विचारले, “तू जेवलास का?”

पहिल्या प्रकारात ‘विचारले’नंतर स्वल्पविराम येतो आणि अवतरण प्रश्नचिन्हाने संपते. त्यानंतर आणखी पूर्णविराम देत नाहीत. दुसऱ्या प्रकारात प्रश्न अवतरणाच्या आतच संपतो, पण लेखकाचे वाक्य पुढे चालू राहते. म्हणून ‘विचारले’नंतर पूर्णविराम द्यावाच लागतो. पुष्कळ मुले येथे प्रश्नचिन्ह उचलून अगदी शेवटी ठेवतात : “तू जेवलास का” असे आईने विचारले? असे केल्याने आईने विचारले की नाही, हाच प्रश्न होऊन बसतो.

हा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी पुढील दोन वाक्ये एकाखाली एक लिहावीत.

“उद्या सुट्टी आहे का?” असे मुलांनी विचारले.

“उद्या सुट्टी आहे” असे गुरुजींनी सांगितले का?

पहिल्यात विचारणारी मुले आहेत, म्हणून प्रश्नचिन्ह त्यांच्या बोलण्याच्या आत आहे. दुसऱ्यात गुरुजी काहीच विचारीत नाहीत. ते सांगत आहेत, आणि त्यांनी तसे सांगितले काय, हे तिसराच कोणी विचारीत आहे. म्हणून प्रश्नचिन्ह बाहेर आहे. चिन्ह आत की बाहेर याचा निर्णय वहीच्या टापटिपीचा नसून अर्थाचा आहे. “प्रश्न कोणाचा?” एवढे विचारले म्हणजे जागा आपोआप ठरते.

‘की’ची अडचण

बोलणे सांगण्याची आणखी एक पद्धत ‘की’ या शब्दाची आहे : गणपत म्हणाला की मी उद्या बाजाराला जाईन. या वाक्यातील ‘मी’ कोण? सामान्यतः आपण तो गणपतच समजतो. मराठीत ‘की’ आला तरी बोलणाऱ्याचा ‘मी’ पुष्कळदा तसाच राहतो आणि त्याचा ‘तो’ होत नाही. परंतु हे वाक्य एखाद्या मुलाने आपल्या निबंधात लिहिले असेल, तर बाजाराला जाणारा तो मुलगा स्वतःही असू शकेल. गणपतने त्याच्याविषयी काही सांगितले, असाही अर्थ निघतो. आता पुढील वाक्य पाहा : गणपत म्हणाला, “मी उद्या बाजाराला जाईन.” येथे शंकेस जागाच उरत नाही. अवतरणचिन्हाने ‘मी’ गणपतच्या तोंडी बांधून टाकला आहे. अवतरणचिन्हाचा उपयोग काय, हे मुलांस व्याख्येपेक्षा या एका उदाहरणाने चांगले कळेल.

‘की’ असताना अवतरणचिन्ह द्यावे की नाही आणि स्वल्पविराम ‘की’च्या आधी द्यावा की नंतर, याविषयी छापील मजकुरात एकवाक्यता दिसत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत (1962 मधील चौदा व 1972 मधील चार) विरामचिन्हांचा स्वतंत्र नियम नाही, त्यामुळे त्यांचाही आधार येथे मिळत नाही. म्हणून परीक्षेसाठी ‘की’ असलेले वाक्य देऊच नये, हे उत्तम. विद्यार्थ्याने निबंधात ‘की’ वापरला आणि स्वल्पविराम अलीकडे वा पलीकडे दिला, तर त्यासाठी गुण कापू नयेत.

एक वाक्य पायरीपायरीने

मुलांकडून सराव करून घेताना चिन्हे एकदम घालण्यास सांगू नये. क्रम ठरवून द्यावा. उदाहरणार्थ, पुढील वाक्य घेऊ :

गुरुजी म्हणाले मुलांनो उद्या आपली सहल पवनारला जाणार आहे तुमच्यापैकी कोण येणार

पहिली पायरी : बोलणारा कोण व त्याचे बोलणे कोठून कोठपर्यंत? बोलणारे गुरुजी आहेत. बोलणे ‘मुलांनो’पासून सुरू होऊन ‘येणार’पर्यंत चालते. म्हणून ‘म्हणाले’नंतर स्वल्पविराम देऊन अवतरण उघडावे व ते ‘येणार’नंतर मिटावे. अवतरण उघडताच मिटण्याची जागाही ठरवून टाकावी, म्हणजे ते मिटावयाचे राहून जात नाही.

दुसरी पायरी : बोलण्यात कोणास हाक मारली आहे काय? ‘मुलांनो’ हे संबोधन आहे. त्यानंतर स्वल्पविराम द्यावा.

तिसरी पायरी : बोलण्यात वाक्ये किती? ‘उद्या आपली सहल पवनारला जाणार आहे’ ही माहिती आहे. ‘तुमच्यापैकी कोण येणार’ ही विचारणा आहे. वाक्ये दोन आहेत. म्हणून ‘आहे’नंतर पूर्णविराम येईल.

चौथी पायरी : प्रत्येक वाक्य सांगते, विचारते की उद्गारते? शेवटचे वाक्य विचारते आणि विचारणारे गुरुजी आहेत. म्हणून ‘येणार’नंतर, अवतरण मिटण्यापूर्वी, प्रश्नचिन्ह येईल.

उत्तर : गुरुजी म्हणाले, “मुलांनो, उद्या आपली सहल पवनारला जाणार आहे. तुमच्यापैकी कोण येणार?”

येथे एकूण पाच जागा आहेत : दोन स्वल्पविराम, एक पूर्णविराम, एक प्रश्नचिन्ह आणि अवतरणचिन्हांची एक जोडी. संपूर्ण उत्तर बरोबर असल्याशिवाय गुण नाही, असे धोरण ठेवले, तर चार जागा साधलेला मुलगा व एकही न साधलेला मुलगा यांत फरक राहत नाही. शाळेतील चाचणीत तरी पाच जागांस पाच अर्धे गुण ठेवावेत. ‘मुलांनो’नंतर कोणी उद्गारचिन्ह दिले तर तेही ग्राह्य धरावे, कारण हाक मोठ्याने मारलेली असू शकते. मात्र ‘आहे’नंतर स्वल्पविराम दिल्यास तो ग्राह्य धरू नये. तेथे माहिती संपून विचारणा सुरू होते, हे मुलाच्या ध्यानात आले नाही, असे त्यावरून दिसते.

उभ्या रेघेविषयीही येथे सांगणे अवश्य आहे. आपला वर्धा जिल्हा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, आणि राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 पासून वर्ध्यातच आहे. त्यामुळे हिंदीचे छापील वाचन आपल्याकडे पुष्कळ काळापासून आहे, आणि हिंदीचे पुस्तक हाती आलेला विद्यार्थी मराठी वाक्याच्या अखेरीसही उभी रेघ ओढतो. मराठी गद्यात पूर्णविराम टिंबाने दाखवितात, हे त्यास सांगावे. परंतु उत्तर तपासताना, वाक्य कोठे संपते हे त्यास कळले आहे आणि केवळ चिन्हाचा आकार चुकला आहे, हेही विसरू नये.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यासाठी

पुष्कळदा चूक मुलाची नसते. दिलेले वाक्यच दोन उत्तरे मागत असते. ‘बाबा म्हणाले रामू घरी गेला’ हे वाक्य घ्या. बाबा म्हणाले, “रामू घरी गेला.” हे उत्तर बरोबर आहे. बाबा म्हणाले, “रामू घरी गेला?” हेही तितकेच बरोबर आहे, कारण मराठीत प्रश्नार्थक शब्दाशिवाय केवळ स्वरावरून प्रश्न होतो आणि कागदावर स्वर ऐकू येत नाही. आदर्श उत्तरपत्रिकेत यांपैकी एकच दिले असेल, तर दुसरे लिहिणाऱ्या मुलावर अन्याय होतो. हा दोष टाळण्याचा उपाय साधा आहे. प्रश्न हवा असेल तर ‘म्हणाले’ऐवजी ‘विचारले’ घालावे किंवा वाक्यात ‘का’, ‘केव्हा’ असा शब्द ठेवावा. विधान हवे असेल तर ‘सांगितले’ घालावे. वाक्य निश्चित करण्यापूर्वी ते सहकारी शिक्षकास चिन्हांशिवाय द्यावे आणि त्याने कोणती चिन्हे घातली ते पाहावे. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर ते वाक्य बदलावे.

चार पर्यायांचा प्रश्न काढावयाचा असल्यास चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांवरून तयार करावेत. एक नमुना असा :

पुढीलपैकी योग्य विरामचिन्हे असलेले वाक्य कोणते?

(1) “बैल केव्हा सोडलेस” असे आजोबांनी विचारले?
(2) “बैल केव्हा? सोडलेस” असे आजोबांनी विचारले.
(3) “बैल केव्हा सोडलेस?” असे आजोबांनी विचारले.
(4) “बैल केव्हा सोडलेस? असे आजोबांनी विचारले.”

उत्तर तिसरे आहे. पण शिक्षकास उरलेल्या तीन पर्यायांचाही उपयोग आहे. पहिला पर्याय निवडणाऱ्या मुलास प्रश्न कोणाचा हे कळलेले नाही. दुसरा निवडणारा प्रश्नार्थक शब्दालाच चिन्ह लावतो. चौथा निवडणाऱ्यास आजोबांचे बोलणे कोठे संपले आणि लेखकाचे कोठे सुरू झाले हे समजलेले नाही. चाचणी झाल्यावर कोणता पर्याय किती मुलांनी निवडला एवढे मोजले, तर दुसऱ्या दिवशी वरीलपैकी कोणता भाग फळ्यावर पुन्हा घ्यावयाचा, हे शिक्षकास निराळे शोधावे लागणार नाही.